हरकत नाही, पण आपत्ती आहे

परक्या भाषेतला अनोळखी शब्द स्वभावाने सज्जन असतो. तो वाटेत आडवा आला की आपण थांबतो, कोश काढतो, चार जणांना विचारतो आणि मगच पुढे जातो. दगा देतो तो ओळखीचा शब्द. त्याला पाहून आपण कोश बंदच करतो. ‘हा होय! हा तर आपलाच’ म्हणतो आणि त्याच्या हाती वाक्य सोपवून मोकळे होतो. हिंदी आणि मराठी यांच्यात असे ओळखीचे लोक जरा जास्तच. लिपी तीच, चेहरा तोच, आजोळही तेच संस्कृतचे नाहीतर फारसीचे. फक्त आजोळाहून परतताना एकाने अर्थाचे डोके आणले आणि दुसऱ्याने शेपूट.

हा प्रकार जवळून पाहायचा तर जबलपूरला यावे. 1798 पासून 1817 पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे इंग्रजांनी नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात बांधले आणि हिंदी-मराठी ही एकाच कचेरीतली दोन टेबले झाली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी वाटणी झाली. नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि जबलपूरला नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय मिळाले. इथल्या मराठी माणसांना कोणी काही विचारले नाही, त्यामुळे ती गोलबाजार, राइट टाउन वगैरे भागांत होती तिथेच राहिली. तेव्हापासून जबलपूरचा मराठी माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी बोलतो आणि भांडणात बुंदेली बोलतो. कोणत्या वेळी कोणती चालू आहे हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

बुंदेलीत एखाद्याला हाक मारायची तर ‘काए’ म्हणतात, म्हणजे आपले ‘का हो’. पुण्याहून नवी आलेली सून दार उघडते. दूधवाला म्हणतो, ‘‘काए!’’ ती विचारते, ‘‘काय?’’ त्याला वाटते, ही आपल्यालाच हाक मारते आहे. तो पुन्हा अदबीने म्हणतो, ‘‘काए.’’ ती पुन्हा विचारते, ‘‘अहो, काय?’’ आतून सासूबाई ‘‘हओ, आले!’’ असे ओरडत येतात तेव्हा हा संवाद संपतो. हे ‘हओ’ म्हणजे आपले ‘हो’च. पण इतके प्रामाणिक शब्द थोडे.

आमच्या एका काकांनी शेजाऱ्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले की आमच्या आजोबांना मोडी फार छान वाचता येत असे. बुंदेलीत मोड़ी म्हणजे मुलगी. शेजारी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘हमारे दादाजी भी चेहरा देखकर बता देते थे.’’ तेव्हापासून त्या घरात आमच्या आजोबांची ख्याती स्थळे पारखणारे गृहस्थ अशी आहे आणि काकांनी ती खोडून काढलेली नाही. एका मामींनी आपल्या मोठ्या बहिणीची ओळख ‘‘ये मेरी मोटी बहन’’ अशी करून दिली. बहीण काडीसारखी होती म्हणून निभावले. श्रावणात अळूची पातळ भाजी करायची म्हणून कोणी भाजीवालीकडे ‘आलू के पत्ते’ मागतो आणि ती बिचारी बटाट्याच्या ढिगाकडे पाहत राहते. अळूला इथे घुइयाँ म्हणतात, हे एकदा कळले की मग कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या विसर पडत नाही.

भिंतीवरच्या पाट्यांची मौज वेगळी. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा जबलपूर स्टेशनावर ‘धूम्रपान निषेध’ वाचतो तेव्हा त्याला पाटीमागे सभा दिसते, ठराव दिसतो, ‘मुर्दाबाद’च्या घोषणा ऐकू येतात. मराठीत निषेध करायचा असतो, तोही जाहीर. हिंदीतला निषेध म्हणजे आपली साधी मनाई. ‘प्रयोग के बाद पानी डालें’ ही पाटी स्वच्छतागृहात वाचून नाट्यवेडा मराठी माणूस अंतर्मुख होतो. आपण नाटकाचे प्रयोग करतो, प्रयोगशाळेत प्रयोग करतो. पाटीवरच्या हिंदीत प्रयोग म्हणजे नुसता वापर, त्यात शास्त्र नाही आणि तिसरी घंटाही नाही. सरकारी दारावर ‘आज अवकाश है’ असे लिहिले तर कार्यालय अंतराळात गेलेले नसते, त्याला सुट्टी असते. उच्च न्यायालयाच्या या गावात ‘अवकाशप्राप्त न्यायाधीश’ पुष्कळ आहेत. ते निवृत्त आहेत. यानात बसून कुणी कुठे गेलेले नाही.

या सगळ्या चुका हसण्यावारी नेता येतात, कारण बोलणारा समोर असतो. त्याच्या चेहऱ्यावरून कळते की काहीतरी बिनसले आणि तिथल्या तिथे दुरुस्ती होते. कागदाला चेहरा नसतो. त्यावर शिक्का असतो, आणि शिक्का बसलेली चूक सुधारण्यासाठी आणखी तीन शिक्के लागतात.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत. शाळेत हिंदी शिकवली, घरी मराठी बोलले आणि आता दोन्हीकडच्या कागदांची भाषांतरे तपासतात. त्यांच्याकडे येणारे कागद प्रेमपत्रांसारखे रसाळ नसतात. शेतीचे उतारे, शाळेचे दाखले, बँकेची प्रमाणपत्रे. पण गुरुजींचे म्हणणे असे की हिंदी-मराठीचे खरे वैर तिथेच आहे. परवा त्यांच्याकडे एक गठ्ठा आला. वडील वारले होते. त्यांचे घर जबलपुरात, शेती नागपूर जिल्ह्यात काटोलकडे आणि धाकटा मुलगा पुण्यात. वाटणीसाठी शेतीचे मराठी कागद जबलपूरच्या वकिलाला हिंदीत हवे होते आणि घराचे हिंदी कागद पुण्याच्या बँकेला मराठीत. थोरल्या मुलाला दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून त्याने दोन्ही भाषांतरे स्वतःच केली. गुरुजींकडे तो फक्त ‘एक नजर टाका’ म्हणून आला होता. गुरुजींनी नजर टाकली आणि चहा सांगितला. चहा सांगितला की समजावे, काम लांबणार.

पहिला कागद सातबाराचा. त्यावर ‘तलाठी सजा’ असे लिहून पुढे गावाचे नाव होते. मुलाने ते जसेच्या तसे ठेवले होते. सजा हा शब्द हिंदीच आहे, त्याला काय हात लावायचा! वकिलाने म्हणे आधीच विचारले होते की या तलाठ्याचा गुन्हा काय आणि त्याचा आपल्या दाव्याशी संबंध काय. महाराष्ट्रात सजा किंवा साझा म्हणजे एका तलाठ्याच्या ताब्यातली गावे. मध्य प्रदेशात तीच गोष्ट ‘पटवारी हल्का’ म्हणून लिहितात. उलट्या दिशेने जाताना हाही शब्द घात करतो, कारण मराठी वाचकाला वाटते की इथला पटवारी वजनाला किंवा वागणुकीला हलका आहे. हा हल्का म्हणजे मंडळ, वर्तुळ. वजनाशी त्याचे काही नाते नाही. तेव्हा मराठीतली सजा हिंदीत हल्का होते आणि हिंदीतला हल्का मराठीत सजा. दोन्ही राज्यांचे महसूल खाते या शब्दांकडे गंभीर चेहऱ्याने पाहू शकते, हे कौतुकास्पद आहे.

दुसरा कागद ‘फेरफार उतारा’. मुलाने लिहिले होते, ‘फेरफार का उतारा’. महाराष्ट्रात जमिनीवरचे नाव बदलले की त्याची नोंद ज्या वहीत होते ती फेरफार नोंदवही आणि तिची नक्कल म्हणजे उतारा. हिंदी माणसाच्या कानावर ‘फेरफार’ पडला की त्याच्या शेजारी लगेच ‘हेरफेर’ येऊन बसतो, आणि हेरफेर म्हणजे लबाडी. ‘उतारा’ तर त्याहून पुढचा. नजर लागलेल्या माणसावरून ओवाळून चौकात ठेवतात, तो उतारा. म्हणजे वडिलोपार्जित शेतीचा स्वच्छ पुरावा हिंदीत जाताच ‘लबाडीवरचा मंत्रतंत्र’ झाला होता. गुरुजींनी तो खोडून ‘नामांतरण पंजी की प्रतिलिपि’ असे लिहिले. मध्य प्रदेशात त्या वहीला तेच म्हणतात. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलांची नावे लागली ती ‘वारस नोंद’ इथे ‘फौती नामांतरण’ होते. गंमत पाहा, ‘फौती’ हा शब्द फारसी वळणाचा आणि ‘नामांतरण’ संस्कृत. मध्य प्रदेशाच्या महसूल खात्याने दोघांचे लग्न लावून दिले आहे.

तिसरा कागद नातवाचा, ‘शाळा सोडल्याचा दाखला’. हिंदीत दाख़िला म्हणजे शाळेतला प्रवेश. तेव्हा ‘शाला छोड़ने का दाख़िला’ वाचून इथल्या हेडमास्तरांना वाटणार की मुलाला शाळा सोडण्याच्या वर्गात प्रवेश मिळाला आहे. ‘जन्माचा दाखला’ म्हणजे जन्मात प्रवेश, हे तत्त्वज्ञान म्हणून चालेल, अर्जासोबत चालणार नाही. याच गठ्ठ्यात ‘उत्पन्नाचा दाखला’ही होता. हिंदीत ‘उत्पन्न’ म्हणजे निर्माण झालेला. समस्या उत्पन्न होते, शंका उत्पन्न होते. पैसा उत्पन्न होत नाही, त्याला ‘आय’ म्हणतात. गुरुजींनी तिथे ‘आय प्रमाण पत्र’ आणि शाळेच्या दाखल्याला ‘स्थानांतरण प्रमाण पत्र’ असे लिहिले. मुलगा म्हणाला, ‘‘पण गुरुजी, दाखला शब्दाचा अर्थ तर यात कुठेच आला नाही.’’ गुरुजी म्हणाले, ‘‘बाळा, शब्दाचा अर्थ कोण विचारतो आहे? या कागदाला तिकडे काय म्हणतात, ते लिही.’’

शाळेच्या कागदांवरून आठवले, ‘शिक्षा’ या शब्दाने तर दोन्ही राज्यांना कायमचे चेष्टेचा विषय करून ठेवले आहे. इथल्या ‘शिक्षा विभागा’त मराठी माणूस भीतभीतच शिरतो. त्या खात्याचा पुरेसा अनुभव असलेले मात्र मराठी अर्थच बरोबर आहे असे म्हणतात. पण गुरुजींना या शब्दाची भीती नाही. ते म्हणतात, जो विनोद सगळ्यांना पाठ आहे त्यात कोणी फसत नाही. फसवतो तो शब्द, ज्यावर अजून विनोद झालेला नाही.

असा शब्द चौथ्या कागदात होता. जबलपूरच्या घराबाबतचे ‘अनापत्ति प्रमाण पत्र’, पुण्याच्या बँकेसाठी. मूळ हिंदीत एवढेच होते की, या मकानावर कर्ज घेण्यास आम्हाला कोई आपत्ति नहीं है. आणि सोबत वर्तमानपत्रातल्या ‘आम सूचना’चे कात्रण, की कोणाला आपत्ति असेल तर त्याने पंधरा दिवसांत सूचित करावे. मुलाने भाषांतर केले ते असे: ‘या घरावर कर्ज घेण्यात आमच्यावर कोणतीही आपत्ती नाही. कोणावर आपत्ती असल्यास त्याने पंधरा दिवसांत सूचना द्यावी.’ पुण्याच्या बँकेतून फोन आला. घर नर्मदेच्या पुराच्या पट्ट्यात येते का? आणि आपत्तीत सापडलेल्या माणसाने सूचना नक्की कोणाला द्यायच्या आहेत?

इथे गुरुजींनी चष्मा काढून पुसला. हिंदीच्या कचेरीत आपत्ति म्हणजे आक्षेप. मराठीत आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, दरड. 2005 चा जो कायदा मराठीत ‘आपत्ती व्यवस्थापन’ आहे तो हिंदीत ‘आपदा प्रबंधन’ आहे. हिंदीतल्या आपत्तीला मराठीत काय म्हणायचे? ‘हरकत’. म्हणून महाराष्ट्रात तो कागद ‘ना हरकत प्रमाणपत्र’. मुलगा खूश झाला. म्हणजे आता भावाचे पुण्याहून आलेले ‘माझी काही हरकत नाही’ हे पत्र हिंदीत ‘मेरी कोई हरकत नहीं है’ होईल! गुरुजींनी चष्मा पुन्हा घातला. हिंदीत हरकत म्हणजे हालचाल आणि बहुतेक वेळा नको ती हालचाल, म्हणजे आपले चाळे. ‘मेरी कोई हरकत नहीं है’ हे वाक्य आरोपीने पोलिसांना सांगावे किंवा डॉक्टरांनी बेशुद्ध रुग्णाविषयी. हिंदी बातमीत ‘पुलिस हरकत में आई’ तर पोलीस कामाला लागले. मराठीत ‘पोलिसांनी हरकत घेतली’ तर काम थांबले. एकच शब्द एका भाषेत गाडी सुरू करतो आणि दुसरीत ब्रेक लावतो.

हे जाळे असे आहे. हिंदीची आपत्ति मराठीत हरकत होते. मराठीची आपत्ती हिंदीत आपदा होते. हिंदीची हरकत मराठीत चाळे होते. आणि घरगुती मराठीतले ‘काही हरकत नाही’ हिंदीत ‘कोई हर्ज नहीं’ होते. यातला एक शब्द चुकला की पुढचे सगळे आपोआप चुकतात, कारण चुकलेला शब्द रिकामी जागा ठेवत नाही, शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतो. ‘संशोधन’चे असेच आहे. मराठीत संशोधन म्हणजे नवीन शोधणे, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. संसदेत येते ते ‘संशोधन विधेयक’ म्हणजे आपले दुरुस्ती विधेयक. जबलपुरात शेतातल्या तणांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. हिंदीत तिला ‘खरपतवार अनुसंधान’ म्हणतात. मराठीतल्या ‘तण संशोधना’तले संशोधन कुणी तसेच हिंदीत नेले तर इथल्या शेतकऱ्याला वाटेल की सरकार गाजरगवताची चालचलणूक सुधारते आहे.

आता प्रश्न असा की हे घडले कसे. गुरुजींचे उत्तर सरळ आहे. मराठीने अरबी-फारसी शब्द घेतले ते बऱ्याच अंशी दफ्तरातून. शेतसारा, फिर्याद, वतन, हिशेब यांच्या कागदांतून ते आले आणि कारकुनाचे सामान झाले. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी दाखला, हरकत, तक्रार, खुलासा मराठी कचेरीत टिकले ते आजतागायत. हिंदीत हेच शब्द बोलण्यातून आणि शायरीतून आले, म्हणून त्यांच्यात राग-लोभ राहिला. त्यामुळे मराठीची ‘तक्रार’ पेटीत टाकायची असते, हिंदीची ‘तकरार’ शेजाऱ्याशी करायची असते. हिंदी पाहुण्याला आपली तक्रारपेटी दाखवली तर आपण भांडणे साठवून ठेवतो असे त्याला वाटते. स्वातंत्र्यानंतर हिंदी कचेरीने आपले फारसी सामान बरेचसे बाहेर काढून संस्कृत आणले. त्या शब्दांची एक मोठी टांकसाळ, डॉ. रघुवीर यांची, नागपुरातच होती. म्हणजे एकाच कागदासाठी हिंदीने संस्कृत ‘अनापत्ति’ निवडली आणि मराठीने फारसी ‘ना हरकत’ ठेवली. दोन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत, फक्त नोकरी वेगवेगळ्या खात्यांत करतात.

वर्तमानपत्रांत तर हा खेळ रोज चालतो. हिंदी मथळा: ‘मंत्रीजी अस्वस्थ’. म्हणजे त्यांना ताप आहे. मराठी उपसंपादकाने तोच शब्द ठेवला तर मराठी वाचक लगेच आमदारांची संख्या मोजू लागतो, कारण मराठीत मंत्री अस्वस्थ झाले की ते पक्ष बदलतात. हिंदीत ‘मंत्री का खुलासा’ म्हणजे मंत्र्यांनी गौप्यस्फोट केला. मराठीत मंत्र्यांनी खुलासा केला म्हणजे कालच्या गौप्यस्फोटावर पांघरूण घातले. हिंदीतला ‘राजकीय शोक’ म्हणजे सरकारी दुखवटा. मराठीत राजकीय शोक म्हणजे ज्यात डोळे कोरडे असतात तो. या बाबतीत मध्य प्रदेश मराठीच्या जवळचा निघाला. उत्तर प्रदेशात सरकारी कॉलेज ‘राजकीय’ असते, मध्य प्रदेशात मात्र महाराष्ट्रासारखेच ‘शासकीय’. त्यामुळे इथल्या कॉलेजांत निदान पाटीवर तरी राजकारण नाही.

हा त्रास फक्त कारकुनांना असतो असेही नाही. दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या माधवराव सप्र्यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला. दासबोधात प्रपंच या शब्दावाचून पान हलत नाही. मराठीत प्रपंच म्हणजे बायको, मुले, पीठमीठ. हिंदीत त्याला वेदान्तातला मायेचा अर्थ आहेच, पण बाजारात ‘छल-प्रपंच’ म्हणजे कपट-कारस्थान. संसाराचीही तीच तऱ्हा. हिंदीत संसार म्हणजे अवघे जग, मराठीत दोन खोल्या आणि एक गॅस. मराठी मुलगी ‘मला संसार करायचा आहे’ म्हणाली तर हिंदी ऐकणाऱ्याला ती ब्रह्मदेवाच्या जागेसाठी अर्ज करते आहे असे वाटेल. जबलपुरात काही काळ राहून गेलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. एका घरात दोन भाषांचे कवी सुखाने नांदले याचे कारण, गुरुजींच्या मते, त्यांनी एकमेकांचे दाखले भाषांतरित केले नसावेत.

मग सावध राहायचे कसे? गुरुजींची रीत अशी. पहिल्या वाचनात ते न समजलेल्या शब्दांना हात लावत नाहीत. जे शब्द कोशाशिवाय समजले आणि दोन्ही भाषांत सारखेच दिसतात, त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारतात. संशयित तेच. मग प्रत्येकाचे क्रियापद पाहतात, कारण शब्द सोंग घेतो, क्रियापद सहसा घेत नाही. मराठीत राग ‘येतो’, हिंदीत राग ‘गातात’. मराठीत हरकत ‘घेतात’, हिंदीत हरकत ‘करतात’. मराठीत खुलासा ‘मागतात’, हिंदीत खुलासा ‘होतो’. क्रियापद बदलावे लागले, की समजायचे नामही बदलायला हवे. कागद सरकारी असेल तर त्याच प्रकारचा खरा कागद पलीकडच्या राज्यातून मिळवतात आणि त्यावरचा मथळा उतरवून घेतात. काटोलच्या फेरफारासाठी त्यांनी जबलपूर तहसिलीतली एक नामांतरणाची नक्कल समोर ठेवली होती. दोन्ही कागदांवर रकाने जवळपास तेच, फक्त नावे वेगळी. आणि शेवटी भाषांतर अशा माणसाला वाचायला देतात ज्याला मूळ भाषा येत नाही. दोन्ही भाषा येणारा माणूस या कामी अगदी निरुपयोगी, कारण तो चुकीचे वाक्यही बरोबर समजून घेतो. गुरुजी त्यासाठी हिंदी भाषांतरे शेजारच्या भाभीजींना दाखवतात आणि मराठी भाषांतरे नागपूरच्या आत्याला फोनवर वाचून दाखवतात. आत्या मध्येच हसली की रेघ.

पण या रीतीलाही मर्यादा आहे. काही शब्द क्रियापदासकट सोंग घेतात. ‘शिक्षा देणे’ आणि ‘शिक्षा देना’ दोन्हीकडे चालते. शिक्षक देतो की न्यायाधीश, एवढ्यावरूनच ओळखायचे, आणि आपल्या लहानपणीचे शिक्षक आठवले तर तेही ओळखता येत नाही. यात सगळ्यात अवघड शब्द म्हणजे ‘चेष्टा’. हिंदीत चेष्टा करना म्हणजे प्रयत्न करणे, मराठीत चेष्टा करणे म्हणजे टिंगल करणे. क्रियापद तेच, कर्ता तोच आणि वाक्यही दोन्हीकडे तितकेच शोभून दिसते.

त्या गठ्ठ्यात शेवटचा कागद असाच निघाला. वडिलांच्या राहिलेल्या पैशांसाठी मुलगा एका कार्यालयात दीड वर्ष खेटे घालत होता. त्यांचे अखेरचे उत्तर पुण्याच्या भावाला पाठवायचे होते. हिंदीत लिहिले होते की हमने आपकी सहायता करने की पूरी चेष्टा की. मुलाने भाषांतर केले: ‘आम्ही आपल्याला मदत करण्याची पूर्ण चेष्टा केली.’ गुरुजींनी पेन्सिल उचलली, वाक्य दोनदा वाचले, मुलाला विचारले, ‘‘किती खेटे घातलेस म्हणालास?’’ आणि पेन्सिल खाली ठेवली.

‘‘हे राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘मुळापेक्षा भाषांतर अचूक आहे.’’